सांभाळून ठेवलेला पासपोर्ट

३ मार्च

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही चौघं बरे असाल असं धरून चालते. धाकटीचा दात पडला की अजून लोंबतोय, ते कळव. इकडे बाबांचं आहे तसंच आहे. उजवी बाजू साथ देत नाही, बोलणं कधी कळतं, कधी नाही. पण जेवण जातंय आणि पाठीला जखम नाही. परवा डॉक्टर म्हणाले, इतके महिने अंथरुणावर असलेल्या माणसाची इतकी स्वच्छ पाठ क्वचितच बघायला मिळते. मी मान डोलावली, जणू माझंच कौतुक चाललं होतं. बाबांचं सगळं करणारी आपली मावशी तिथेच उभी होती, टॉवेल घडी करत.

फोन असताना पत्र का, असं तुझी बायको विचारेल. फोनवर तू "ताई, दोन मिनिटांत करतो" म्हणतोस आणि तुझी दोन मिनिटं पुढच्या रविवारी उगवतात. पत्राचं तसं नाही. ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता डोळ्यांत खुपतं. खुपावं अशीच माझी इच्छा आहे.

माझं काम जोरात आहे. संग्रहालयात गुलामगिरीवरचं मोठं प्रदर्शन उभं राहतंय. आमची इमारत मुळात साखरेचं गोदाम, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पायाखालच्या फरशीवर ज्या गोण्या उतरल्या, त्यातली साखर कुणी पिकवली, एवढंच सांगायचं आहे. पण संचालकबाईंना नुसत्या बेड्या आणि साखळदंड नकोत. त्या म्हणतात, ते बघून लोक हळहळतात आणि घरी जातात. त्यांना हवंय ते हे की हजारो वर्षं जे जवळजवळ सगळ्यांना चालत होतं, ते पुढच्या दोन-तीन पिढ्यांत लाजिरवाणं कसं झालं. मत बदललं कसं, त्याचं यंत्र उघडून दाखवा, म्हणाल्या. म्हणजे ते यंत्र मी ऐंशी शब्दांच्या फलकांवर उघडायचं. फलक वाचायला कुणी थांबत नाही हे मला माहीत आहे, पण लिहिणाऱ्याला ते वाचावे लागतात.

आता मावशीचं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तिची आई घरात पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. तिकडे तिच्या देशात, त्यांच्या गावी ऑपरेशनची सोय नाही, नुसती पडून आहे. मावशीने गेल्या आठवड्यात मला स्वयंपाकघरात गाठलं. हात पुसत होती, ते कोरडे झाले तरी पुसतच राहिली. म्हणाली, "ताई, मला एकदा जाऊन यायचंय. साहेबांना विचाराल का?" साहेब म्हणजे तू. मी म्हटलं, विचारते. तिच्या आईला कूस कोण बदलून देतं, हे मी विचारलं नाही.

जायचं तर पासपोर्ट हवा. तो माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात आहे, तिला आणून देणाऱ्या एजंटने दिलेल्या त्याच लिफाफ्यात. तुला आठवत असेल, त्याने तुझ्या हातात लिफाफा ठेवताना सांगितलं होतं, "हे तुमच्याकडेच असू द्या, नाहीतर पळतात या बायका." तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या गल्लीत बाहेरच्या देशातून आणलेली बाई आहे अशी सहा-सात घरं आहेत आणि प्रत्येक घरात असा एक लिफाफा आहे. समोरच्या दंतवैद्याकडे तो बायकोच्या दागिन्यांबरोबर असतो. तसं ठेवायचं नाही असा कायदा आहे म्हणे. तो कायदा पाळणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

कप्प्याची किल्ली आई गेल्यापासून तुझ्या जुडग्यात आहे. ती कुरियरने पाठव. मी काही दिवस रजा काढून बाबांचं बघेन. पाणी गिळता यावं म्हणून ते दाट करायची पावडर किती घालायची, घोट घेताना बाबांची हनुवटी खाली कशी ठेवायची, सगळं मावशी मला शिकवते आहे. मला ते अजून जमत नाही, त्यांना ठसका लागतो. पण शिकेन.

पोरींना पापा. किल्ली विसरू नकोस.

तुझी
ताई


२२ मार्च

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. किल्ली मिळाली नाही. पाकीट उलटं करून झटकूनही बघितलं.

धाकटीचा दात पडला हे वाचून बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहायचं म्हणून लिहितेय. खरं सांगायचं तर हल्ली मला फारसं काही वाटत नाही. दाढ काढल्यावर गाल आपला नसतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालंय. बोट लावलं की कळतं, बोट लावलंय. त्यापुढे काही नाही. काळजी करू नकोस, मी जेवते, झोपते, कामावर जाते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू चांगलंच लिहिलंस, रागावून नाही. मावशी आपल्या घरातलीच आहे, असं लिहिलंस. तिला तिकडे मिळालं असतं त्यापेक्षा इथे चांगलं खायला-प्यायला मिळतं, असंही. एकदा गेली तर परत येणार नाही, मग बाबांचं काय. तिथे जाऊन ती तरी काय करणार, तिचेच हाल होतील. आणि शेवटी, आपण तिला कायमचं अडवत नाही, फक्त आत्ता नको, उन्हाळा जाऊ दे, मग बघू.

ठोंब्या, त्याच दिवशी माझ्या टेबलावर पाचवा फलक होता. बाजू घेणाऱ्यांचा फलक. संचालकबाईंचा आग्रह होता की गुलाम ठेवणारे राक्षस दाखवू नका, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांडा. त्या काळची पत्रकं माझ्यापुढे पसरलेली होती. गुलामगिरी ही छान गोष्ट आहे, असं म्हणणारे निघाले पुढे पुढे, विरोध वाढल्यावर. आधीचे बहुतेक म्हणायचे, वाईट आहे खरं, पण. आमच्या घरातल्या माणसांसारखेच आहेत ते. आपल्याकडच्या गरिबांपेक्षा त्यांना बरं खायला मिळतं. एकदम सोडलं तर उपाशी मरतील, त्यांच्याच भल्यासाठी थांबायला हवं. धंदा बुडेल, मग सगळ्यांचंच काय. मी ते ऐंशी शब्दांत बसवलं. तुझं पत्र पर्समध्ये होतं. काढायची गरज पडली नाही.

लगेच भडकू नकोस. मावशी गुलाम नाही, हे मला कळतं. तिला कुणी विकत घेतलेलं नाही, तिला पगार आहे, तिच्या पोटी जन्मलेलं मूल काही आपल्या मालकीचं होणार नव्हतं. फरक मोठा आहे आणि तो मिटवणं हा त्या खऱ्या गुलामांवरही अन्याय होईल. मी एवढंच म्हणतेय की वाक्यं तीच आहेत.

त्यातल्या "आत्ता नको"चा एक स्वतंत्र फलक आहे, तो मला सगळ्यात अवघड गेला. माणसांचा व्यापार बंद करावा असा ठराव कायदेमंडळात आला, तेव्हा बाजू घेणाऱ्यांना कळून चुकलं होतं की नाही म्हणणं आता शोभत नाही. कारण लोकांच्या सह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले होते. खलाशांच्या आणि जहाजावरच्या डॉक्टरांच्या साक्षी झाल्या होत्या. जहाजाच्या तळात माणसं कशी ओळीने आडवी रचतात, त्याचं चित्र घरोघरी पोचलं होतं. स्वतः त्या तळात पडून आलेल्या आणि पुढे सुटलेल्या माणसांनी पुस्तकं लिहिली होती. बायकांना मत नव्हतं, त्यांनी घरात साखर आणणं बंद केलं. तेव्हा एका हुशार गृहस्थाने ठरावाला विरोध केलाच नाही. फक्त एक शब्द त्यात घातला. हळूहळू. ठराव भरघोस मतांनी पास झाला, सगळे समाधानाने घरी गेले, आणि जहाजं पुढे पंधरा वर्षं चालूच राहिली.

आमच्याकडचे दोन संशोधक चहाच्या वेळी रोज यावरच भांडतात. एक म्हणतो, लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. दुसरा म्हणतो, कसली बुद्धी, नफा कमी झाला असणार. पहिला आकडे काढून दाखवतो की नफा तेव्हा चांगला होता. दुसरा आणखी आकडे काढतो. मग आमची भांडारपाल, जी एरवी बिस्किटाशिवाय कशात लक्ष घालत नाही, ती म्हणाली, "आणि ज्यांना ठेवलं होतं ते काय नुसते वाट बघत बसले होते?" तेव्हा दोघांचे आकडे बाजूला पडले. कारण एका अख्ख्या बेटावर त्या लोकांनी उठाव करून मालकांना हाकललं होतं, राज्य उभं केलं होतं. इतर बेटांवर उठाव चिरडले गेले, पण प्रत्येक उठावानंतर इकडच्या लोकांना कळत गेलं की तिकडे सगळे सुखात आहेत ही थाप आहे. मी तो फलक सगळ्यात आधी लावायला सांगितला आहे.

हे सगळं लिहून मी मूळ गोष्ट पुढे ढकलतेय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तू मला लहानपणापासून ओळखतोस.

मी चावीवाल्याला बोलावलं. तुला न विचारता. त्याने फार वेळ घेतला नाही. लिफाफा तसाच होता, एजंटच्या शिक्क्यासकट. मी तो मावशीच्या हातात दिला. तिने पासपोर्ट उघडला, पहिलं पान बघितलं, मग माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

मुदत संपलेली आहे, ठोंब्या. दोन वर्षांपूर्वीच. आपण तो इतका सांभाळून ठेवला की तो आतल्या आत संपून गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही. पासपोर्ट संपला म्हणून तिचा राहण्याचा परवानाही पुढे वाढला नाही. तो परवाना तुझ्या नावावर आहे, वाढवायचा तूच होतास. मावशी म्हणाली, तिने तुला एकदा आठवण केली होती, "साहेब, तारीख बघता का?" तू म्हणालास, बघतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू मुद्दाम केलं नसणार. तू खरंच बघणार होतास.

म्हणजे गेली दोन वर्षं ती या देशात बेकायदा राहते आहे, आपल्या घरात, बाबांच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर. रस्त्यात पोलिसाने अडवलं असतं तर तिला धरलं असतं, आपल्याला नाही.

मी तिला घेऊन तिच्या देशाच्या वकिलातीत गेले. रांगेत तिच्यासारख्या बायकाच बायका होत्या, बऱ्याच जणींकडे पासपोर्टच नव्हता. खिडकीतल्या माणसाने तिचा पासपोर्ट बघून तोंडदेखलंही आश्चर्य दाखवलं नाही. नवीन पासपोर्टला वेळ लागेल. घरी परतण्यापुरता एक कागद लवकर मिळू शकतो. पण तो कागद घेऊन इथून बाहेर पडायचं तर इथल्या परवाना कचेरीची संमती हवी, आणि तिथे ज्याने आणलं त्याचं म्हणणं हवं. म्हणजे तुझं.

आम्ही घरी आलो तेव्हा तिचा फोन वाजला. तिचा भाऊ होता. आई सकाळीच गेली होती.

मावशीने फोन ओट्यावर ठेवला. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "बाबांना कुशीवर करायची वेळ झाली," आणि आत गेली. मी पाठोपाठ गेले. तिने बाबांच्या खांद्याला आणि कंबरेला हात घातला, एका दमात त्यांना डावीकडे वळवलं, पाठीमागे उशी लावली, घोट्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला, टाच गादीला टेकत नाही ना ते बोट घालून बघितलं. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, "तुमच्याने टाच टेकते."

मला रडू आलं नाही. तिलाही मी रडताना बघितलं नाही. बाबा मात्र अधूनमधून रडतात, पण त्यांना हल्ली कशानेही रडू येतं.

सोबत परवाना कचेरीचा अर्ज आहे. सही करून पाठव.

ताई


१६ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. उन्हाळा सुरू झाला. पोरींच्या परीक्षा झाल्या असतील. मोठीला गणितात यंदा तरी तुझ्यापेक्षा बरे मार्क पडोत.

बाबा ठीक आहेत असं म्हणता येत नाही. डाव्या टाचेला लाल चट्टा आला होता, तो आता फुटला आहे. दिवसा एक नर्स येते, ती भली आहे, पण तिला आणखी चार घरं आहेत. उरलेला वेळ मी आहे. संग्रहालयाने मला फलक घरून लिहायची परवानगी दिली. बाबा सारखे दाराकडे बघतात आणि "पोरी, पोरी" करतात. मावशीला ते तशीच हाक मारायचे, तेवढा शब्द त्यांचा स्पष्ट येतो. परवा त्यांनी विचारलं, कुठे गेली. मी म्हटलं, ती आता आपल्याकडे येणार नाही. त्यांनी बराच वेळ तोंडाची जुळवाजुळव केली आणि विचारलं, "आपण काय केलं?" मी त्यांची हनुवटी पुसली. सांगायला गेले असते तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्यांना पाणी पाजायची वेळ झाली होती.

मावशी कुठे आहे ते सांगते, पण थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर.

प्रदर्शन उघडलं. गर्दी आहे. शेवटच्या फलकावरून माझं आणि संचालकबाईंचं वाजलं. त्यांना शेवट उजळ हवा होता. मी लिहिलं होतं ते असं की व्यापार बंद झाला तेव्हा विरोधकांना वाटलं, नवी माणसं येणं थांबलं की गुलामगिरी आपोआप वाळून जाईल. ती वाळली नाही, आणखी सव्वीस वर्षं राहिली. शेवटी कायद्याने संपली तेव्हा भरपाई दिली गेली, मालकांना. ज्यांनी फुकट राबून दिलं त्यांना काही नाही. उलट त्यांनी "शिकाऊ" म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाच्या शेतात, आठवड्याचा बहुतेक वेळ बिनपगारी राबायचं होतं. जो ऊस ते जन्मभर तोडत आले तो तोडायला शिकण्यासाठी. त्यांनी ते चालू दिलं नाही, म्हणून ती मुदत आधीच गुंडाळावी लागली. बाई म्हणाल्या, "अगं, पण बदल तर झाला ना?" झाला, मी म्हटलं. तोही मी लिहिलाय. पुढे पन्नास वर्षांनी याच शहरात गुलामगिरीच्या बाजूने बोलणारा माणूस चव्हाट्यावर शोधून सापडला नसता. ज्याला त्याला आपलं घराणं पहिल्यापासून विरोधात होतं असंच आठवत होतं. मग ती चालवत कोण होतं, असा प्रश्न मी फलकाच्या तळाला टाकला होता. तो बाईंनी काढला. ऐंशी शब्दांच्या वर जात होतं, म्हणाल्या. खरंही होतं.

गल्लीतली बातमी अशी की समोरच्या डॉक्टरीणबाई, त्या दंतवैद्याच्या पत्नी, माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या. "तू आमच्याही बायकांना बिघडवशील," असं मला बाजारात ऐकवून गेल्या. दुधाच्या दुकानात माझ्याभोवती जागा मोकळी होऊ लागली. मग काल त्या स्वतःच आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या की त्यांच्या बाईचा पासपोर्ट त्यांनी तिला देऊन टाकला. "तुझ्यामुळे नाही हं," म्हणाल्या. "आमचं आधीपासूनच ठरलं होतं." मी म्हटलं, छान केलंत. त्यांच्या शेजारच्यांनीही दिला असं ऐकते. त्यांचंही आधीपासूनच ठरलं होतं. मला हसू यायला हवं होतं.

आता सांगते.

तुझा अर्ज आला नाही. मी वाट बघितली. मग तुझा फोन आला. तू म्हणालास, त्या अर्जावर सही करणं म्हणजे पासपोर्ट मी ठेवला आणि परवाना मी संपू दिला हे लेखी मान्य करणं, दंड होईल, पुढे कुणाला आणता येणार नाही, कंपनीत कळलं तर बढती जाईल. वकिलाला विचारून थोड्या दिवसांनी करू. तुझं म्हणणं खरं आहे, तसं होऊ शकतं. तू "हळूहळू" हा शब्द वापरला नाहीस. तू "व्यवस्थित" म्हणालास.

दुसऱ्या दिवशी मी मावशीबरोबर परवाना कचेरीत गेले आणि जबाब दिला. आणणाऱ्याची संमती मिळत नसेल तर हा एकच रस्ता आहे, तिथल्या अधिकारीबाईंनीच सांगितलं. मावशीने तिचा जबाब दिला, मी साक्षीदार म्हणून माझा. पासपोर्ट कुठे होता, किल्ली कुणाकडे होती, कप्पा कुणी उघडला, तिने केव्हा केव्हा जायला मागितलं आणि काय उत्तर मिळालं. तुझं नाव मी दिलं, पत्ता दिला, कंपनीचं नाव विचारलं तेही दिलं. कपाट माझ्या खोलीत होतं आणि मला ठाऊक होतं, हेही लिहून दिलं. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "सुरक्षिततेसाठी ठेवला होता." अधिकारीबाई पुढचं पान उलटत होत्या. मीच तो शब्द खोडला आणि शेजारी सही केली.

जबाबानंतर मावशीला आपल्या घरी राहता येत नाही, असा नियम आहे. तिला एका संस्थेच्या निवाऱ्यात ठेवलं आहे. खोलीत चौघी, खिडकीतून बसडेपो दिसतो. दारं आतून उघडतात, हे तिने मला पहिल्याच दिवशी उघडून दाखवलं.

तर आता असं आहे. खटला चालला तर तो उभा राहून संपेपर्यंत महिने जातील आणि तोवर तिला देश सोडता येणार नाही, कारण ती तक्रारदार आहे. तू सही केलीस तर खटल्याची गरज राहत नाही. तुला दंड होतो, ती आठवड्याभरात निघते. आईचं काही राहिलेलं नाही, पण घर आहे, भाऊ आहे, आणि तिला जायचं आहे. एवढं कारण पुरे आहे. आपण आजवर तिच्याकडे त्याहून मोठं कारण मागत आलो.

तू माझा भाऊ आहेस. शाळेत तुझ्यासाठी मी मारामाऱ्या केल्यात. तुझं नाव त्या अधिकारीबाईंना सांगताना आतून काहीतरी तुटेल असं वाटलं होतं. तुटलं नाही. मी स्पेलिंगसुद्धा नीट सांगितलं. त्याचीच मला भीती वाटते, की आपल्यात पुढे काय उरणार ते मला आत्ता कळतच नाहीये.

काल मी निवाऱ्यात तिला भेटायला गेले होते. तिचे कपडे आणि चष्मा द्यायचा होता. तिने बाबांच्या टाचेचं विचारलं. मी फुटली म्हटलं. मग तिने विचारलं, "साहेबांचं काय होईल?" मी सगळं खरं सांगितलं. दंड होईल, कंपनीत नाव खराब होईल, बढती जाईल, कदाचित नोकरीवरही गदा येईल. घरी दोन लहान मुली आहेत, हेही सांगितलं, जे तिला माहीत होतं.

ती म्हणाली, "बरं."

मी बसून राहिले. चहा आला, तो प्याले. बाहेर बसेस लागत होत्या, सुटत होत्या. ठोंब्या, मी वाट बघत होते. आता ती म्हणेल, ताई, मग राहू द्या, त्यांना त्रास नको, मी थांबते. इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती, आणि ती म्हणाली असती तर मी तिला समजावलं असतं, नाही नाही, तुझा हक्क आहे, आणि मला फार बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं की सही आली नाही तर खटल्याची पहिली तारीख कधी आहे.

मी तारीख सांगितली. ती सोबतच्या नोटिशीवर आहे. अर्ज पुन्हा जोडला आहे.

तुझी ताई,
आणि तुझ्याविरुद्धची साक्षीदार